विश्लेषण : काजू बी महागत गेली, तर नफा तीन लाख की सव्वादोन लाख?

गोदामात माल तोच, विक्री तीच, बँकेतली शिल्लकही तीच. तरीही ३१ मार्चला एका हिशेबाने नफा तीन लाख दिसतो आणि दुसऱ्या हिशेबाने दोन लाख साडेसतरा हजार. दोन्ही आकडे नियमात बसतात. खरेदीचा भाव सतत चढत असला की 'फिफो' आणि 'भारित सरासरी' या दोन पद्धतींमध्ये असा फरक पडतो. कुडाळ परिसरातील काजू प्रक्रिया व्यवसायाच्या उदाहरणातून हा फरक कसा तयार होतो आणि तो कुणाच्या खिशाला लागतो, हे समजून घेऊ.

काजूच्या धंद्यात हा प्रश्न का येतो?

सिंधुदुर्गात काजू बीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. बी बाजारात येते ती या तीन-चार महिन्यांत, पण कारखाना चालवायचा असतो वर्षभर. त्यामुळे कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग भागातील कारखानदार हंगामात बी खरेदी करतात, उन्हात वाळवतात, पोती भरून गोदामात रचतात आणि गरजेप्रमाणे फोडायला काढतात.

त्यात एक अडचण आहे. आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला, म्हणजे ऐन हंगामात. त्या दिवशी गोदामात गेल्या हंगामातली उरलेली पोती असतात आणि नव्या हंगामातली ताजी बीही आलेली असते. एकाच्या खरेदीचा भाव जुना, दुसरीचा नवा. वर्षभरात फोडलेली बी कोणत्या भावाची आणि शिल्लक राहिलेली कोणत्या भावाची, हे ठरवल्याशिवाय नफा काढताच येत नाही. वर्षभराच्या खरेदीतून शिल्लक साठ्याची किंमत वजा केली की वापरलेल्या मालाचा खर्च मिळतो. साठ्याची किंमत जास्त धरली तर खर्च कमी होतो आणि नफा वाढतो. साठा कमी किमतीचा धरला तर उलट होते.

उदाहरण काय आहे?

समजा, कुडाळमध्ये एक लहान काजू कारखाना आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. वजन वाळवल्यानंतरचे आहे. वर्षाच्या सुरुवातीला साठा शून्य होता. वर्षभरात तीन वेळा खरेदी झाली :

- एप्रिल : १०,००० किलो, १२० रुपये दराने, एकूण १२,००,००० रुपये
- मे : ६,००० किलो, १३५ रुपये दराने, एकूण ८,१०,००० रुपये
- पुढचा मार्च, नवा हंगाम : ४,००० किलो, १५० रुपये दराने, एकूण ६,००,००० रुपये

म्हणजे २०,००० किलो बीसाठी २६,१०,००० रुपये गेले. फेब्रुवारीअखेरपर्यंत १५,००० किलो बी फोडली. ३१ मार्चला ५,००० किलो बी गोदामात आहे. बीच्या वजनाच्या पाव हिस्सा गर मिळतो असे धरले, तर १५,००० किलोतून ३,७५० किलो काजूगर निघाला. तो सगळा सरासरी ७०० रुपये किलोने विकला गेला आणि विक्री झाली २६,२५,००० रुपयांची. मजुरी, वीज, पॅकिंग वगैरे खर्च ४,५०,००० रुपये, म्हणजे किलोभर गरामागे १२० रुपये. आता एकच प्रश्न उरतो : शिल्लक ५,००० किलो बीची किंमत किती?

'फिफो'ने हिशेब कसा होतो?

फिफो म्हणजे 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट', जो माल आधी आला तो आधी खर्ची पडला असे मानायचे. त्यामुळे शिल्लक राहतो तो शेवटी आलेला माल. आपल्या उदाहरणात शिल्लक ५,००० किलोपैकी ४,००० किलो मार्चची, १५० रुपयांची. उरलेली १,००० किलो मेची, १३५ रुपयांची. साठ्याची किंमत झाली ७,३५,००० रुपये. एकूण खरेदी २६,१०,००० मधून ती वजा केली की वापरलेल्या बीचा खर्च १८,७५,००० रुपये येतो.

प्रत्यक्ष गोदामात कामगाराने कोणते पोते आधी ओढले, याचा इथे संबंध नाही. थप्पीत नवी पोती वर असली आणि तीच आधी फोडायला गेली, तरी हिशेबात जुना भाव आधी खर्ची पडतो. फिफो हा भावाचा क्रम आहे, पोत्यांचा नव्हे.

भारित सरासरी म्हणजे काय?

इथे जुना-नवा असा भेद ठेवत नाहीत. सगळ्या खरेदीची रक्कम एकत्र करून एकूण वजनाने भागायची. २६,१०,००० भागिले २०,००० म्हणजे किलोला १३० रुपये ५० पैसे. 'भारित' अशासाठी की जास्त वजनाच्या खरेदीचा सरासरीवर जास्त भार पडतो. १२०, १३५ आणि १५० या तीन दरांची नुसती सरासरी १३५ येते. पण सर्वात मोठी खरेदी स्वस्त दराची असल्याने खरी सरासरी त्याहून खाली आहे. अनेक छोट्या दुकानांच्या वह्यांत नेमकी हीच चूक सापडते : दरांची सरासरी काढलेली असते, वजनाचा विचारच नसतो.

या पद्धतीने ५,००० किलो साठ्याची किंमत ६,५२,५०० रुपये आणि वापरलेल्या बीचा खर्च १९,५७,५०० रुपये होतो.

नफ्यात किती फरक पडला?

विक्री २६,२५,००० मधून बीचा खर्च आणि ४,५०,००० चा इतर खर्च वजा करू.

- फिफो : साठा ७,३५,०००, बीचा खर्च १८,७५,०००, नफा ३,००,००० रुपये
- भारित सरासरी : साठा ६,५२,५००, बीचा खर्च १९,५७,५००, नफा २,१७,५०० रुपये

साठ्यात ८२,५०० रुपयांचा फरक आणि नफ्यातही नेमका तेवढाच. भाव चढता असताना फिफोमध्ये स्वस्त बी विक्रीच्या समोर उभी राहते आणि महाग बी ताळेबंदात साठा म्हणून बसते, म्हणून नफा जास्त दिसतो. सरासरीत महाग बीचा काही भार विक्रीवरही येतो, म्हणून नफा कमी दिसतो.

सरासरी नेमकी कधी काढायची?

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण या उदाहरणात तोच सर्वात महत्त्वाचा आहे. वर काढलेली सरासरी वर्षाच्या शेवटी, एकदाच काढली. तिच्यात मार्चची १५० रुपयांची बी मिसळली आहे. म्हणजे दिवाळीत विकलेल्या काजूगराच्या खर्चात अशा बीचा भाव शिरला, जी तेव्हा झाडालाही लागली नव्हती.

दुसरा मार्ग आहे 'चालती सरासरी'. प्रत्येक नवी खरेदी आली की त्या क्षणी गोदामात असलेल्या मालाशी तिची सरासरी काढायची. एप्रिल आणि मेनंतर १६,००० किलोची किंमत २०,१०,००० रुपये, म्हणजे किलोला सुमारे १२५ रुपये ६३ पैसे. १५,००० किलो याच दराने खर्ची पडली. उरलेली १,००० किलो आणि मार्चची ४,००० किलो मिळून साठा ७,२५,६२५ रुपयांचा झाला आणि नफा २,९०,६२५ रुपये.

म्हणजे चालत्या सरासरीने फिफोशी असलेला फरक ८२,५०० वरून ९,३७५ रुपयांवर आला. हंगामी धंद्यात गोदाम नवी खरेदी येण्याआधी जवळजवळ रिकामे होते, म्हणून असे घडते. जुनी बी संपलेली असेल तर नव्या भावात मिसळायला फारसे काही उरतच नाही. साठ्याच्या मूल्यांकनाचे नियम सरासरी ठरावीक काळाने किंवा प्रत्येक खरेदीनंतर, दोन्ही प्रकारे काढू देतात. म्हणूनच 'आम्ही सरासरी पद्धत वापरतो' एवढे सांगणे अपुरे आहे. आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर यातली कोणती सरासरी काढते, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. वरची तीन खरेदी आणि एक वापर नमुना म्हणून तारखांसह भरून पाहावा. शिल्लक ६,५२,५०० आली तर ती वर्षाची सरासरी, ७,२५,६२५ आली तर चालती.

फरकाचे ८२,५०० रुपये पुढे जातात कुठे?

ते नाहीसे होत नाहीत. या वर्षाचा अखेरचा साठा हाच पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा साठा असतो. फिफोवाला पुढचे वर्ष ७,३५,००० च्या साठ्याने सुरू करतो, सरासरीवाला ६,५२,५०० च्या. पुढच्या वर्षअखेर दोघांची गोदामे पूर्ण रिकामी झाली, तर फिफोवाल्याचा खर्च ८२,५०० रुपयांनी जास्त आणि नफा तेवढाच कमी दिसेल. दोन वर्षांची बेरीज दोघांची सारखीच.

पण भाव चढत राहिला आणि दर ३१ मार्चला साठा शिल्लक राहिला, तर हा फरक फिटत नाही, पुढे ढकलला जातो. एखाद्या वर्षाच्या नफ्यातला फरक हा दोन साठ्यांतल्या एकूण अंतराएवढा नसतो. ते अंतर त्या वर्षात जितके वाढले किंवा घटले, तितकाच तो असतो. पुढच्या मार्चलाही अंतर ८२,५०० च राहिले, तर त्या वर्षी दोन्ही पद्धतींचा नफा सारखाच येईल. भाव ज्या वर्षी वेगाने चढतो, त्या वर्षी फरक डोळ्यात भरतो. भाव उंचावर स्थिरावला की तो मावळतो.

मग तीन लाख नफा हातात आला का?

इथेच व्यवसायाची खरी गोम आहे. फिफोचा तीन लाखांचा नफा नियमाने बरोबर आहे. पण पुढच्या वर्षी पुन्हा १५,००० किलो बी फोडायची आहे आणि भाव आता १५० रुपये आहे. तेवढी बी पुन्हा भरायला २२,५०,००० रुपये लागतील. विक्रीच्या २६,२५,००० मधून इतर खर्चाचे ४,५०,००० गेले की २१,७५,००० उरतात. म्हणजे फोडलेली बी परत भरायला ७५,००० रुपये कमीच पडतात.

कागदावर तीन लाखांचा नफा आणि प्रत्यक्षात पंचाहत्तर हजारांची तूट, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्या तीन लाखांतला मोठा भाग काजू फोडून मिळवलेला नाही, स्वस्तात घेतलेली बी महाग होण्याने आलेला आहे. तो पुन्हा बीमध्येच घालावा लागतो. तीन लाखांवर विसंबून भागीदारांनी ती रक्कम उचलली, तर पुढच्या हंगामात तेवढी पोती कमी येतील किंवा तेवढे कर्ज वाढेल. सरासरी पद्धत हा भ्रम थोडा कमी करते, पण पूर्ण घालवत नाही. तिचा २,१७,५०० चा आकडाही पुढच्या खरेदीच्या भावाने काढलेला नाही.

म्हणून विक्रीचा दर ठरवताना या दोन्ही पद्धतींवर विसंबणे धोक्याचे आहे. १५० रुपयांच्या बीपासून किलोभर गर काढायला ६०० रुपयांची बी आणि १२० रुपयांचा खर्च, असे ७२० रुपये लागतात. जुन्या हिशेबात नफा दिसतो म्हणून ७०० रुपयांचाच दर पुढे चालू ठेवला, तर नव्या हंगामात प्रत्येक किलोमागे २० रुपये तोटा होईल.

भाव पडला तर काय?

साठ्याचे मूल्य खरेदी खर्च किंवा विक्रीतून निव्वळ मिळू शकणारी रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढेच धरता येते. समजा, मार्चअखेर बीचा भाव १३५ रुपयांवर आणि गराचा ६६० रुपयांवर उतरला. फिफोने शिल्लक बीचा सरासरी खर्च किलोला १४७ रुपये पडतो. त्यातून निघणाऱ्या गराची किंमत ५८८ अधिक १२०, म्हणजे ७०८ रुपये. बाजार ६६० देतो. तेव्हा साठा १३५ रुपये दराने, म्हणजे ६,७५,००० रुपयांवर आणावा लागेल आणि ६०,००० रुपयांचा तोटा याच वर्षी दाखवावा लागेल.

वर्षाच्या सरासरीने साठा १३० रुपये ५० पैशांचा आहे. त्याचा गर ६४२ रुपयांना पडतो, बाजारभावाच्या खालीच. तिथे काहीच कमी करावे लागत नाही. चढत्या भावात नफा जास्त दाखवणारी फिफो पद्धत भाव उलटला की आधी दुखते, ती अशी.

कर, बँक आणि भागीदार : कुणाला किती लागते?

कारखाना भागीदारी संस्थेचा असेल तर आयकर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ८२,५०० रुपयांच्या फरकावर या वर्षी २५,७४० रुपये जास्त कर फिफोने द्यावा लागतो. तो पुढे कधीतरी वळता होतो, पण रोख रक्कम आज जाते, तीही बी खरेदीच्या ऐन हंगामात. उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने गृहीत उत्पन्न दाखवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला मात्र कराच्या बाबतीत हा फरक पडत नाही, कारण त्याचा कर साठ्यावर ठरतच नाही.

बँकेकडे चित्र उलटे दिसते. कॅश क्रेडिट खात्यातून किती रक्कम उचलता येईल, हे दरमहा दिलेल्या साठा पत्रकावर ठरते. बँकेने २५ टक्के मार्जिन ठेवले, तर फिफोच्या जादा साठ्यावर ६१,८७५ रुपये जास्त उचलता येतात. बँकेला फिफोचा साठा आणि आयकराला सरासरीचा साठा दाखवण्याचा मोह इथेच होतो. दोन्ही कागद एकमेकांसमोर आले की पकड होते, आणि मग प्रश्न पद्धतीचा राहत नाही, खोट्या पत्रकाचा होतो.

तिसरा घटक भागीदारांचा. तीन समान भागीदारांपैकी एक ३१ मार्चला बाहेर पडला, तर त्याच्या हिशेबात पद्धतीमुळे २७,५०० रुपयांचा फरक पडतो. त्याच्यासाठी 'पुढच्या वर्षी फिटेल' हे उत्तर नाही, कारण पुढच्या वर्षी तो संस्थेत नसेल. भागीदारी करारात साठा मूल्यांकनाची पद्धत एका ओळीत लिहून ठेवली, तर हा वाद टळतो.

पद्धत हवी तेव्हा बदलता येते का?

नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या लेखा मानक २ नुसार आणि आयकराच्या साठा मूल्यांकन मानकानुसार एकमेकांऐवजी वापरता येणाऱ्या मालासाठी फिफो किंवा भारित सरासरी चालते. शेवटचा माल आधी खर्ची टाकणारी 'लिफो' पद्धत भारतात १९९९ च्या सुधारित मानकापासून बाद झाली. अमेरिकेत ती अजून चालते. चढत्या भावात नफा सर्वात कमी दाखवणारी पद्धत ती. अनेक सॉफ्टवेअरमध्ये लिफोचा पर्याय अजून दिसतो, पण दिसतो म्हणून तो निवडायचा नसतो. एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी लागते. सबळ कारण असेल तरच ती बदलता येते आणि बदलाचा नफ्यावर झालेला परिणाम दाखवावा लागतो. भाव चढला की सरासरी आणि पडला की फिफो, अशी उडी मारता येत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. सरासरी एकाच प्रकारच्या मालाची काढायची असते. काही कारखाने स्थानिक बी कमी पडली की आफ्रिकेतून आयात झालेली बी घेतात. तिचा दर वेगळा, आकार वेगळा, गराचा उतारा वेगळा आणि विक्रीचा भावही वेगळा. भौगोलिक मानांकन मिळालेला वेंगुर्ले काजू आणि आयात बी एकाच खात्यात मिसळून सरासरी काढली, तर स्थानिक काजू उगाच स्वस्त किंवा महाग पडल्यासारखा दिसतो आणि कोणत्या मालात पैसे मिळतात हेच कळत नाही. दोन्हींची खाती वेगळी हवीत.

थोडक्यात काय करावे?

कर, बँक आणि भागीदार यांच्यासाठी एकच पद्धत निवडावी आणि ती दरवर्षी चालवावी. हंगामी मालाला फिफो किंवा चालती सरासरी जास्त जवळची आहे, कारण वर्षअखेरची सरासरी मार्चच्या खरेदीचा भार दिवाळीच्या विक्रीवर टाकते. ती पद्धत करारात आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखीच असल्याची खात्री करावी. पण नफ्यातून किती उचल करायची आणि गर किती दराने विकायचा, हे ठरवताना तिसरा, साधा हिशेब वेगळा मांडावा : आज विकलेला माल आजच्या भावाने पुन्हा भरला, तर हातात किती उरते? वरच्या उदाहरणात त्याचे उत्तर उणे ७५,००० आहे, आणि मार्चमध्ये बीची पोती मोजताना कारखानदाराला लागणारा आकडा तोच आहे.